स्प्रिंट रिव्ह्यूची डेमो यादी: डन झालेली 11 तिकिटं, दाखवायची कोणती?

काजरघाटी | सोमवार, 21 एप्रिल 2025, सकाळी 10:12

मंडळी, उद्या दुपारी 3 ला आमचा रिव्ह्यू आहे. स्प्रिंट दोन आठवड्यांचा, 9 ते 22 एप्रिल. प्रॉडक्ट म्हणजे आंबा बागायतदारांच्या पॅकिंग शेडसाठी पेटीनोंदीचं ॲप. टीम सहा जणांची, रत्नागिरीत. समोर बसणार चार बागायतदार, एक गाडीवाले आणि आमचे प्रॉडक्ट ओनर.

बोर्डावर 16 तिकिटं आहेत, त्यातली 11 डन झालेली:

PETI-198 बागेचं नाव बदलण्याची सोय
PETI-204 पेटी नोंदताना डझन आणि फळाचा आकार
PETI-207 पेटीवर क्यूआर लेबल
PETI-209 दराचा मेसेज दोनदा जातो (बग)
PETI-211 नेट नसताना नोंद, नेट आल्यावर सिंक
PETI-213 लॉट शोधायला डेटाबेस इंडेक्स
PETI-214 दराचा मेसेज दोन वेळा येतो (बग)
PETI-216 हवामानाचा विजेट
PETI-218 पावतीच्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात (बग)
PETI-220 पेटीचा फोटो जोडणे
PETI-221 लायब्ररी अपग्रेड

शिवाय PETI-205, म्हणजे विक्रीची पट्टी. हिचे पाचपैकी चार सबटास्क झालेत, आणि प्रॉडक्ट ओनरना तीच सगळ्यात आधी दाखवायची आहे. वेळ एक तास. यादी कशी काढावी?

---

हर्णैकर | 10:31

यात अवघड काय आहे? जिरामध्ये हे टाका, एक्सपोर्ट करा, झाली यादी.

```
sprint in openSprints() AND statusCategory = Done
```

11 तिकिटं, प्रत्येकी पाच मिनिटं, 55 मिनिटं. तासात बसतं.

---

खाडीपलीकडची | 10:58

हर्णैकर, क्वेरी चालेल, पण ती तुम्हाला बंद झालेली तिकिटं देईल. पुरी झालेली देईल असं नाही. वरच्या यादीतच बघा ना. 214 हे 209 चंच जुळं आहे, म्हणजे ते `Duplicate` म्हणून बंद झालं असणार. 216 हवामानाचा विजेट बहुतेक `Won't Do`. दोघांचंही स्टेटस डन, पण दाखवायला हातात काही नाही. शिवाय `openSprints()` तुम्हाला दिसणाऱ्या सगळ्या प्रोजेक्टांचे चालू स्प्रिंट आणतं, म्हणून थेट स्प्रिंटचा नंबर द्यावा.

मी असं लिहीन:

```
sprint = 57 AND issuetype not in subTaskIssueTypes()
AND statusCategory = Done
AND resolution not in ("Won't Do", Duplicate)
AND status changed to Done
DURING ("2025/04/09 00:00", "2025/04/22 23:59")
```

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. शेवटच्या तारखेला वेळ लिहिली नाही, तर जिरा ती त्या दिवशीच्या पहाटेचे 00:00 धरतो आणि शेवटच्या दिवशी डन झालेली तिकिटं गळतात. आणि ही वेळ तुमच्या जिरा प्रोफाइलमध्ये जो टाइमझोन आहे त्यातली असते. तिथे यूटीसी राहून गेलं असेल तर यादी साडेपाच तासांनी सरकते. दुसरं, `resolution not in` लावलं की ज्यांचं रिझोल्यूशन रिकामंच आहे ती तिकिटंही गुपचूप बाहेर पडतात. काही वर्कफ्लोमध्ये डनला नेताना रिझोल्यूशन भरलंच जात नाही. तुमच्याकडे तसं असेल तर ही ओळ अशी करा:

```
AND (resolution is EMPTY OR resolution not in ("Won't Do", Duplicate))
```

`DURING` ची ओळ 198 साठी आहे. हे तिकीट या स्प्रिंटमधलं वाटत नाही. हिस्टरी उघडून बघाल का?

---

काजरघाटी | 11:20

ताई, बरोबर. 198 सात एप्रिलला डन झालं होतं. रिपोर्टमध्ये दिसावं म्हणून कुणीतरी 9 तारखेला या स्प्रिंटमध्ये ओढलंय. 214 आणि 216 पण तुम्ही म्हणता तसेच निघाले. तुमच्या क्वेरीतून 8 आली: 204, 207, 209, 211, 213, 218, 220, 221.

एक शंका. जिराचा स्प्रिंट रिपोर्ट मात्र 207 ला अपूर्ण म्हणतोय. स्टेटस तर Done आहे!

---

खाडीपलीकडची | 11:34

बोर्डाला डनच्या उजवीकडे आणखी एखादा कॉलम आहे का, `Released` वगैरे? स्प्रिंट रिपोर्ट पूर्ण कशाला म्हणायचं ते बोर्डाच्या अगदी उजव्या कॉलमवरून ठरवतो, स्टेटसच्या रंगावरून नाही. बाकीची सात तिकिटं त्या शेवटच्या कॉलमात गेली असतील आणि 207 एक घर मागे राहिलं असेल. डेमो यादीसाठी स्प्रिंट रिपोर्टवर विसंबू नका, ताळा म्हणून वापरा.

---

काजरघाटी | 11:41

आहे! गेल्या महिन्यात जोडलाय. तुमचा अंदाज अचूक.

---

देवगडची_वाट | 11:50

माझ्या मते एवढी कापाकापी नको. ग्राहकाला सगळंच कळायला हवं. 198 सुद्धा घाला, बागेचं नाव बदलता येतं हे लोकांना माहीतच नसतं. आमच्याकडे आम्ही व्हॉट्सॲपवर "या खेपेला नवीन काय" म्हणून दहा-बारा ओळी पाठवतो, सोबत स्क्रीनशॉट. लोक वाचतात.

---

खाडीपलीकडची | 12:02

काका, ती रिलीज नोट. ती जरूर पाठवावी, आणि तिच्यात 198 शोभेलही. धागा उद्याच्या बैठकीत समोर काय चालवून दाखवायचं याचा आहे. त्या यादीत जे नाव लिहाल ते लोकांसमोर चाललंच पाहिजे.

आणि म्हणूनच जिराची यादी ही अर्धीच यादी. तिकीट डन असणं आणि ते उद्याच्या स्टेजिंगवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काजरघाटी, स्टेजिंगच्या व्हर्जन पानावर कोणता कमिट चढलेला दिसतो ते बघा. ब्रँचचं टोक घेऊ नका, चढलेलाच कमिट घ्या. मागच्या रिलीजचा टॅग `v2.8` आणि चढलेला कमिट `a41f9c2` धरला तर:

```
git fetch --all --tags
git log v2.8..a41f9c2 --oneline | grep -oE 'PETI-[0-9]+' | sort -u > build.txt
sort -u done.txt > d.txt
comm -23 d.txt build.txt
```

`done.txt` मध्ये जिरातली आठ नावं, ओळीला एक. शेवटची कमांड डन असूनही बिल्डमध्ये नसलेली तिकिटं छापते.

---

काजरघाटी | 12:40

आलं: `PETI-209`. दराचा मेसेज दोनदा जाण्याचा बग. आज सकाळी 11 ला मेनमध्ये मर्ज झाला, स्टेजिंगचं बिल्ड 10 चं आहे. म्हणजे उद्या सर्वांसमोर मेसेज दोनदाच गेला असता.

---

चिपी_टेस्टर | 12:55

थांबा, इतक्यात खूश होऊ नका. ही कमांड फक्त नाव शोधते. रिव्हर्ट केलेल्या कमिटच्या मथळ्यातही तिकिटाचं नाव असतंच, त्यामुळे मर्ज करून मागे घेतलेलं काम बिल्डमध्ये आहे असंच दिसतं. हे एकदा चालवा:

```
git log v2.8..a41f9c2 --oneline --grep='^Revert'
```

---

काजरघाटी | 13:08

```
7c02be1 Revert "PETI-220 photo attach"
```

शुक्रवारी फोटोमुळे सिंक अडकत होता म्हणून मागे घेतलेलं. तिकीट कुणी मागे आणलंच नाही, तसंच डनमध्ये पडून आहे. आता इन प्रोग्रेसला परत नेलं. राहिली सात.

---

हर्णैकर | 13:25

मी आमच्या रेपोवर ही कमांड चालवली तर सगळीच तिकिटं "बिल्डमध्ये नाहीत" म्हणून आली. बिल्ड तर व्यवस्थित चालतंय.

---

चिपी_टेस्टर | 13:37

तुम्ही स्क्वॉश मर्ज करत असणार, आणि पुल रिक्वेस्टच्या मथळ्यात तिकीट नंबर लिहीत नसणार. `--oneline` फक्त पहिली ओळ दाखवतं. त्याऐवजी `--format=%B` घाला, पूर्ण संदेश येईल. पण मग "PETI-205 शी संबंधित" असलं वाक्यही नाव म्हणून मोजलं जातं. सात-आठ तिकिटांसाठी शंका आली की मर्ज हातानेच बघावा. दोन मिनिटांचं काम.

---

खाडीपलीकडची | 14:10

आता सातांची रचना. 213 आणि 221 पडद्यावर दिसत नाहीत. त्यांना सुरुवातीला एकेक वाक्य पुरे. इंडेक्सचं वाक्य बागायतदाराच्या भाषेत: "लॉट शोधायला आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो." आकडा आज स्वतः मोजून लिहा, अंदाजाने नको. मोजला नसेल तर वाक्यच गाळा.

उरलेली पाच तिकीट नंबराप्रमाणे दाखवू नका. शेडवरच्या माणसाच्या हाताला जसं काम येतं तशी लावा. 204 आणि 211 हे एकच काम आहे: शेडमध्ये नेट नाही, माणूस पेट्या नोंदतोय. मग 207, त्याच पेटीला लेबल. मग 209 आणि 218, म्हणजे दर आणि पावती. असे तीन तुकडे होतात, प्रत्येकी आठ मिनिटं. उरलेला अर्धा तास बोलण्यासाठी ठेवा, लोक त्याचसाठी येतात.

प्रत्येक तुकड्याला सुरुवातीची स्थिती आणि शेवटी काय दिसलं की संपलं, हे दोन्ही लिहून ठेवा. पहिला तुकडा मी असा लिहीन:

*तुकडा 1 (204, 211). सुरुवात: फोन विमान मोडवर, लॉट 31 रिकामा. कृती: 5 डझनाच्या पाच पेट्या नोंदवा, एकीचा आकार बदला. विमान मोड काढा. शेवट: फोनवर पाचही नोंदींना हिरवी खूण, लॅपटॉपवर लॉट 31 मध्ये 5 पेट्या, 25 डझन. दाखवणार कोण: ज्याने टेस्ट केलं तो.*

---

चिपी_टेस्टर | 14:32

यात दोन खड्डे आहेत. स्टेजिंगवर सिंक किती वेळाने चालतो? आमच्याकडे क्रॉन दर 15 मिनिटांनी होता. विमान मोड काढला की सगळे लॅपटॉपकडे बघत बसायचे आणि पडदा ढिम्म हलायचा नाही. आज तो एक मिनिटावर आणा, नाहीतर सिंक हाताने चालवायची कमांड यादीतच लिहा. आणि प्रॉडक्शनमध्ये किती वेळ लागतो ते उद्या तोंडाने सांगा, नाहीतर लोक समजतील की शेडवरही मिनिटभरातच होणार.

दुसरा: आज संध्याकाळी रंगीत तालीम लॉट 31 वरच केलीत तर उद्या त्यात आधीच 5 पेट्या असतील. दुबार नोंदीची तपासणी असेल तर ॲप नवीन पेट्या घेणारच नाही, आणि चालू फीचर मोडकं दिसेल. तालमीला लॉट 30, बैठकीला 31, आणि 32 शिल्लक.

लेबलसाठी खरा थर्मल प्रिंटर नेणार असाल तर रोल आजच बघा. नसेल नेणार तर आज छापलेलं लेबल न्या आणि तेच फोनने स्कॅन करा. पडद्यावरच्या क्यूआरने छपाई सिद्ध होत नाही.

---

देवगडची_वाट | 14:50

माझा मघाचा मुद्दा सोडा, पण एक ऐका. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी 3 ला बागायतदार बोलावलेत, तर ते साडेतीनपासून घड्याळ बघणार. संध्याकाळी वाशीची गाडी भरायची असते. शेडची कामं आधी दाखवा, दर आणि पावती शेवटी. गाडीवाल्यांना मात्र पावती बघायची असेल. त्यांना आधीच विचारून ठेवा.

आणि जोडाक्षरांचा बग दाखवायला "आंबा" लिहू नका, तो जुन्या पावतीतही नीटच येत असणार.

---

काजरघाटी | 15:05

😄 काका, हे भारी. मग कोणता शब्द घेऊ?

---

चिपी_टेस्टर | 15:11

"सिंधुदुर्ग". ह्यां एकच नाव पुरां. पीडीएफ बनवणारी लायब्ररी अक्षरं जुळवत नसेल तर वेलांटी स च्या मागे जाऊन बसते आणि रफार ग वर न चढता सुटा र् म्हणून उभा राहतो. दोन्ही रोग एकाच शब्दात दिसतात. जुनी पावती डावीकडे, नवी उजवीकडे. बोलायची गरजच नाही. मात्र नवी पावती फोनवरही उघडून बघा. फाँट पीडीएफमध्ये एम्बेड झाला नसेल तर तुमच्या लॅपटॉपवर नीट आणि त्यांच्या फोनवर चौकोन.

---

काजरघाटी | 15:30

आता उरली 205. प्रॉडक्ट ओनर म्हणतात, पट्टीबद्दल बागायतदार दर वेळी विचारतात, पाचातले चार सबटास्क झालेत, मग दाखवायला काय हरकत? राहिलेला सबटास्क म्हणजे गाडीभाडं आणि हमालीची वजावट.

---

हर्णैकर | 15:42

दाखवा की. रिव्ह्यू म्हणजे शेवटी प्रॉडक्ट ओनर काम स्वीकारतात तीच बैठक. त्यांनाच चालत असेल तर तुम्ही कोण अडवणारे?

---

खाडीपलीकडची | 16:05

हर्णैकर, प्रॉडक्ट ओनरचा शब्द मोठा, हे खरं. पण रिव्ह्यू ही स्वीकृतीची बैठक नाही. 2020 च्या स्क्रम गाइडमध्ये दोन्ही गोष्टी आहेत: काम बाहेर सोडायला रिव्ह्यूची वाट बघायची नाही, आणि डेफिनिशन ऑफ डनमध्ये न बसणारं काम रिव्ह्यूत मांडायचंही नाही, ते बॅकलॉगला परत जातं. प्रॉडक्ट ओनरनी काम झालं की स्प्रिंटमध्येच, तिकिटागणिक बघावं. उद्या लोकांसमोर पहिल्यांदा नाही.

नियम बाजूला ठेवला तरी इथे खरी अडचण आकड्याची आहे. डेमोसाठी 40 पेट्या आणि 2,500 चा दर भरला तर पडदा 1,00,000 दाखवणार. पेटीमागे भाडं-हमाली मिळून 120 धरले तर हातात येणार 95,200. वजावटीचा सबटास्क नाही, म्हणजे पडद्यावरचा आकडा चूक आहे, आणि तोही पैशाचा. चार सबटास्क झाले म्हणजे ऐंशी टक्के झालं, हा हिशोब इथे लागू पडत नाही. चालती पट्टी एकदा बघितली की बागायतदार दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये शोधणार, आणि तो एक लाख लक्षात ठेवणार.

शेवटच्या अर्ध्या तासात पट्टीचा कागदी नमुना पुढे ठेवा, हाताने काढलेला चालेल, आणि विचारा: भाडं पेटीमागे कापलं जातं की गाडीमागे? हमाली वेगळ्या ओळीत हवी का? ते उत्तर तुम्हाला पाचव्या सबटास्कसाठी लागणारच आहे.

---

चिपी_टेस्टर | 16:20

अगदी. पण एक प्रश्न माझाही. 211 चं ऑफलाइन सिंक फ्लॅगमागे आहे का?

---

काजरघाटी | 16:28

हो. स्टेजिंगवर चालू, प्रॉडक्शनवर बंद. हंगामात धोका नको म्हणून एकदम सगळ्यांना देत नाही आहोत.

---

चिपी_टेस्टर | 16:35

मग माझ्या हिशेबाने ते डन नाही. आमच्या डेफिनिशनमध्ये स्पष्ट लिहिलंय: किमान एका खऱ्या शेडवर फ्लॅग चालू असला पाहिजे. स्टेजिंगवर नेट गेलं म्हणजे विमान मोड. शेडमध्ये नेट अर्धवट असतं, येतं-जातं, आणि सिंक मोडतो तो तेव्हाच.

---

खाडीपलीकडची | 16:52

मी दाखवेन. काम पूर्ण आहे, टेस्ट झालंय, फ्लॅग हा फक्त कधी सोडायचं याचा निर्णय आहे. पण दाखवताना पहिलं वाक्य हेच: "हे आज तुमच्या फोनवर नाही." आणि कोणत्या शेडवर आधी चालू करायचं ते तिथेच ठरवा.

येत्या-जात्या नेटचा मुद्दा मात्र मान्य. विमान मोडने तो कळत नाही.

---

हर्णैकर | 17:01

म्हणजे 205 ऐंशी टक्के म्हणून बाहेर आणि 211 लोकांना मिळतच नाही तरी आत? मला पटत नाही. डेफिनिशनमध्ये फ्लॅगबद्दल लिहिलेलं नसेल तर आपण सोयीने अर्थ लावतोय.

---

काजरघाटी | 18:15

आमच्या डेफिनिशनमध्ये फ्लॅगचा उल्लेखच नाही, हे खरं. तूर्त यादी अशी पाठवली:

आधी दोन वाक्यं: 213 (जुन्या आणि नव्या बिल्डवर वेळ मोजली, आकडा लिहिला), 221.
तुकडा 1: 204 + 211, लॉट 31, फ्लॅगचं वाक्य सुरुवातीलाच.
तुकडा 2: 207, छापलेलं लेबल फोनने स्कॅन.
तुकडा 3: 209 + 218. दुपारी 4 ला नवीन बिल्ड चढवलं, `comm` पुन्हा चालवलं, आता काही छापत नाही. पावतीवर "सिंधुदुर्ग".
यादीत नाहीत: 198, 214, 216, 220. प्रत्येकापुढे एका ओळीत कारण, कारण आधीच्या निमंत्रणात सगळी 11 गेली होती.
चर्चा: पट्टीचा कागदी नमुना, भाडं आणि हमाली.

सिंक एक मिनिटावर आणला. लॉट 30 वर तालीम झाली, साडेसात मिनिटं लागली. प्रॉडक्ट ओनरना 205 चा आकडा समजावला, एक लाखावर ते थांबले. 211 बद्दल त्यांचं म्हणणं, दाखवाच.

---

देवगडची_वाट | 18:40

फोन चार्ज करून न्या, आणि हॉटस्पॉटला दुसरं सिम ठेवा. आज दुपारपासून आमच्याकडे लाईट दोनदा गेली.

---

चिपी_टेस्टर | 18:52

आणि आज रात्री कुणी स्टेजिंगवर काही चढवलं तर सकाळी कमिट पुन्हा जुळवा. 211 बद्दल माझं मत तेच.